नर्व्हच्या स्लाइडमधली पांढरी कडी

प्रश्न: मी नेरुळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. नर्व्हच्या आडव्या छेदाची स्लाइड लावली की मला नुसती पांढरी भोकं दिसतात आणि प्रत्येकात एक ठिपका. मायलिन हा जाड थर असतो ना, मग तिथे रिकामं का? एपिन्यूरियम ओळखता येतं, पेरिन्यूरियम कधी कधी, एंडोन्यूरियम मात्र कधीच सापडत नाही. आणि भोकाच्या कडेला जांभळा न्यूक्लियस असतो, तो श्वान पेशीचा की फायब्रोब्लास्टचा? मॅडम, तिन्ही थर तोंडपाठ आहेत, पण स्लाइडवर बघताना मी पूर्ण गोंधळते.

उत्तर:

तुला जे रिकामं दिसतं ते खरोखरच रिकामं आहे. तिथे मायलिन होतं, ते स्लाइड तयार होताना विरघळून गेलं. तुझ्या अडचणीचं मूळ इथेच आहे. पुस्तकातली आकृती जिवंत नर्व्हची असते आणि तुझ्या हातातली स्लाइड अल्कोहोल आणि झायलीनमधून गेलेल्या नर्व्हची. दोन्हींत नेमका काय फरक पडतो हे कळलं की थर आपोआप जागेवर बसतात.

मी ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजी बघते. नर्व्ह बायोप्सी आमच्याकडे रोज येत नाही, पण आली की तिला इतर टिश्यूपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. तुमच्या कॉलेजची स्लाइड कुठल्या स्टेनची आहे हे तू लिहिलेलं नाहीस, आणि उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. गुलाबी-जांभळी असेल तर ती नेहमीची हिमॅटॉक्सिलिन-इओसिन. बहुतेक कॉलेजांत तीच असते आणि तुझं वर्णनही तिच्याशीच जुळतं, म्हणून मी ती धरून चालते. काही पेट्यांत ऑस्मियमची जुनी स्लाइडही असते. तिच्यात सगळं उलट दिसतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

नर्व्हचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये जातो. फॉर्मॅलिन प्रथिनांना जागच्या जागी घट्ट बांधून टाकतं, पण चरबीला तसं बांधत नाही. मग तुकडा चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, कारण मेणात शिरण्याआधी त्यातलं पाणी निघायला हवं. त्यानंतर झायलीन, कारण अल्कोहोल आणि पॅराफिन एकमेकांत मिसळत नाहीत. शेवटी साधारण ६० अंश सेल्सिअसचं वितळलेलं पॅराफिन. आता मायलिनचा विचार कर. त्याच्या कोरड्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग चरबीचा असतो, आणि अल्कोहोल व झायलीन दोन्ही चरबी विरघळवतात. मग उरतं काय? मधला अॅक्सॉन, कारण तो मुख्यतः प्रथिनांचा, आणि मायलिनमधल्या प्रथिनांचा पुसट सांगाडा. पांढऱ्या कडीत कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गुलाबी रेघा दिसतात, तो हाच सांगाडा. अॅक्सॉनसुद्धा या सगळ्यात आक्रसतो, म्हणून ठिपका खऱ्यापेक्षा लहान आणि एका बाजूला सरकलेला दिसतो.

तेव्हा पहिला नियम असा, की पांढरी कडी म्हणजे मायलिनची जागा. तिच्या जाडीवरून मायलिन किती जाड होतं याचा अंदाज बांधायचा नाही. ते बघायचं असेल तर वेगळी वाट घ्यावी लागते. तुकडा ग्लुटारल्डिहाइडमध्ये ठेवायचा, मग ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये. ऑस्मियम चरबीला धरून ठेवतं आणि तिला काळंही करतं. मग मेणाऐवजी रेझिनचा ब्लॉक करायचा, १ मायक्रॉनच्या आसपास जाडीचे छेद घ्यायचे आणि टोल्युडीन ब्लूने रंगवायचे. आता तीच नर्व्ह पाहिलीस तर पांढऱ्या कडीच्या जागी गडद निळी-काळी, काठ रेखलेली रिंग दिसेल आणि तिच्या आत फिकट अॅक्सॉन. पेटीत ऑस्मियमची स्लाइड सापडली तर दोन्ही शेजारी ठेवून बघ. एका दुपारीत जेवढं समजेल तेवढं पाठांतराने समजत नाही.

आता थर. स्लाइडवर सापडत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की आपण तिन्ही थर एकाच जातीचे समजतो, एकात एक घातलेल्या तीन नळ्यांसारखे. तसे ते नाहीत. एपिन्यूरियम आणि एंडोन्यूरियम ही संयोजी ऊती आहे, म्हणजे मुख्यतः कोलॅजन आणि त्यात विखुरलेल्या थोड्या पेशी. पेरिन्यूरियम मात्र पेशींचाच थर आहे. चपट्या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडून एकाबाहेर एक अशी वर्तुळं करतात, आणि प्रत्येक वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना बेसल लॅमिना असते. मोठ्या फॅसिकलभोवती अशी दहा-पंधरा वर्तुळंही असू शकतात. नर्व्ह बारीक होत टोकाकडे गेली की एकच उरतं.

म्हणून मी सुरुवात नेहमी पेरिन्यूरियमपासून करते, बाहेरून आत जात नाही. कमी मोठेपणावर आधी फॅसिकल शोध, म्हणजे पांढऱ्या कड्यांची गोल वसाहत. तिच्या काठाला एक काटेकोर गुलाबी रेघ दिसेल. ४० च्या लेन्सवर त्या रेघेत लांबट, सुईसारखे चपटे न्यूक्लियस एकामागे एक, वर्तुळाच्या दिशेने झोपलेले दिसतात. ते दिसले की पेरिन्यूरियम सापडलं. त्याच्या बाहेरचं सगळं एपिन्यूरियम: जाड, नागमोडी कोलॅजन, चरबीच्या पेशी, धमन्या-शिरा. दोन फॅसिकलच्या मधली जागाही एपिन्यूरियमच, हे विसरू नकोस. एपिन्यूरियम फक्त नर्व्हच्या बाहेरच्या काठाला असतं असं समजून पुष्कळ विद्यार्थी फॅसिकलमधल्या जागेला चुकीचं नाव देतात. सांध्यावरून जाणाऱ्या भागात एपिन्यूरियम जास्त असतं, त्यामुळे एकाच नर्व्हचे दोन ठिकाणचे छेद बरेच वेगळे दिसू शकतात.

पेरिन्यूरियमच्या आत अॅक्सॉन, मायलिन आणि श्वान पेशी सोडून जे उरतं ते एंडोन्यूरियम. ते तुला दिसत नाही कारण तू थर शोधते आहेस. एंडोन्यूरियमला काठ नाही. कड्यांच्या मधली ती फिकट गुलाबी, धूसर जागा आहे आणि तिच्यात बारीक कोलॅजनचे तंतू, केशवाहिन्या, थोडे फायब्रोब्लास्ट, मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी असतात. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर थोडा खाली घे, काँट्रास्ट वाढेल आणि तंतू उठून दिसतील. रेटिक्युलिनचा स्टेन केला तर प्रत्येक कडीभोवती काळी बारीक चौकट दिसते. तुझ्या स्लाइडमध्ये ते तंतू आहेतच, फक्त त्यांना रंग कमी मिळाला आहे.

फॅसिकल आणि पेरिन्यूरियम यांच्यामध्ये कधी कधी एक पांढरी चंद्रकोर दिसते. पुष्कळदा ते नुसतं आक्रसणं असतं. तुकडा सुकताना आतला भाग आकुंचन पावतो आणि पेरिन्यूरियमपासून सुटतो. पण सूज असली तरी जागा तीच असते, म्हणून फरक ओळखता यायला हवा. आक्रसण्याने पडलेली फट पूर्ण रिकामी, स्वच्छ पांढरी असते आणि तिचे दोन्ही काठ एकमेकांत बसतील असे असतात. सुजेच्या जागेत फिकट रंगाचा द्रव आणि त्यात सुटे बारीक तंतू असतात, म्हणजे तिथे काहीतरी असतं.

आता जांभळ्या न्यूक्लियसचा प्रश्न. कडीच्या बाहेरच्या काठाला बिलगलेला, चंद्रकोरीसारखा वाकलेला, जरा फिकट न्यूक्लियस हा श्वान पेशीचा. दोन कड्यांच्या मधल्या जागेत सुटा पडलेला, बारीक आणि गडद असेल तो बहुधा फायब्रोब्लास्टचा. शंभर टक्के खात्री साध्या स्टेनवर होत नाही. गरज पडली तर आम्ही एस-१०० चा स्टेन करतो, तो श्वान पेशींना रंगवतो. पेरिन्यूरियमच्या पेशी त्यात रंगत नाहीत, त्या ईएमए या दुसऱ्या स्टेनमध्ये उठतात.

मग तू विचारशील की बहुतेक कड्यांना न्यूक्लियसच का नसतो. इथे साधा हिशेब करून बघ. मायलिन असलेल्या तंतूवर एक श्वान पेशी साधारण १ मिलिमीटरपर्यंतची लांबी व्यापते. बारीक तंतूंवर याहून कमी. पुढचा तुकडा दुसऱ्या श्वान पेशीचा, आणि दोघींच्या मधला उघडा सांधा म्हणजे रॅनव्हिएचा नोड. १ मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, आणि त्यात न्यूक्लियसची लांबी २० मायक्रॉनच्या आसपास. तुझा छेद ४ मायक्रॉन जाडीचा. तेव्हा एखाद्या कडीचा न्यूक्लियस नेमका त्या छेदात येण्याची शक्यता १००० मध्ये २४, म्हणजे शंभरात दोन-तीन. छेद योग्यच आहे, पेशी फार लांब आहे एवढंच.

पण मग फॅसिकलमध्ये एवढे न्यूक्लियस दिसतात ते कुठून येतात? त्यातले पुष्कळसे मायलिन नसलेल्या तंतूंना सांभाळणाऱ्या श्वान पेशींचे असतात. त्या पेशी अनेक बारीक अॅक्सॉन आपल्या खोबणींत घेऊन बसतात, त्यांना रेमॅक बंडल म्हणतात. हे अॅक्सॉन इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली ते वेगळे दिसतच नाहीत. पायाच्या सुरल नर्व्हमध्ये मायलिन नसलेले तंतू मायलिनवाल्यांपेक्षा संख्येने जास्त असतात, पण आपली नजर फक्त पांढऱ्या कड्या मोजते.

मायलिन तयार कसं होतं हे कळलं की न्यूक्लियस बाहेर का, हे सांगावंच लागत नाही. श्वान पेशी न्यूरल क्रेस्टमधून येतात आणि वाढत्या अॅक्सॉनच्या जुड्यांबरोबर पसरतात. सुरुवातीला एका पेशीच्या वाट्याला पुष्कळ अॅक्सॉन असतात. मग ती जाडसर अॅक्सॉन एकेक करून वेगळे काढते, आणि साधारण १ मायक्रॉनच्या वर गेलेल्या अॅक्सॉनशी एकास एक असं नातं जोडते. कोणाला मायलिन मिळणार आणि किती जाड, हे बरंचसं अॅक्सॉनच ठरवतो, त्याच्या पृष्ठभागावरच्या न्यूरेग्युलिन-१ या रेणूच्या प्रमाणातून. मग पेशीचा एक ओठ अॅक्सॉनभोवती आतल्या बाजूने फिरत राहतो. बेटी गेरेन यांनी १९५४ साली कोंबडीच्या गर्भाच्या नर्व्हवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरून हे गुंडाळणं दाखवलं. त्याआधी मायलिन कोण बनवतं याबद्दल एकमत नव्हतं.

अळूवडीची सुरळी आडवी कापली की पानाचे एकात एक वेढे दिसतात, तसाच हा छेद. पान म्हणजे पेशीचं आवरण आणि बेसन म्हणजे आतला सायटोप्लाझम. फरक असा की इथे गुंडाळता गुंडाळता बेसन जवळजवळ सगळं पिळून बाहेर जातं आणि पानावर पान चिकटतं. आतल्या बाजू जिथे चिकटतात तिथे मायलिन बेसिक प्रोटीन असतं, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ती गडद रेघ दिसते. बाहेरच्या बाजू पी-झीरो या प्रथिनाने जोडल्या जातात, तिथली रेघ फिकट. पिळून काढलेला सायटोप्लाझम आणि न्यूक्लियस सगळ्यात बाहेरच्या पदरात उरतात. म्हणून न्यूक्लियस कडीच्या आत कधीच असणार नाही. आत ठिपका दिसला तर तो अॅक्सॉनच.

एका तंतूचे आकडे घालून बघ. समज, रेझिनच्या छेदात तंतूचा बाहेरचा व्यास १० मायक्रॉन आणि आतल्या अॅक्सॉनचा ६.५. भागाकार ०.६५. याला जी-रेशो म्हणतात आणि निरोगी नर्व्हमध्ये तो ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो. मायलिनची एका बाजूची जाडी म्हणजे साडेतीनचा निम्मा भाग, १.७५ मायक्रॉन. एक वेढा साधारण १५ नॅनोमीटरचा धरला तर जवळजवळ ११५ वेढे. आता एखाद्या तंतूत अॅक्सॉन तेवढाच, ६.५ चा, पण बाहेरचा व्यास फक्त ८ असेल, तर भागाकार ०.८ च्या वर जातो. असा जाड अॅक्सॉन आणि पातळ कडी दिसली की मी समजते, इथलं मायलिन एकदा गेलं होतं आणि पुन्हा बनलं आहे. दुसऱ्या खेपेचं मायलिन पातळ असतं आणि त्याचे तुकडेही आखूड असतात.

मेंदूतली ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी वेगळी वागते. ती अनेक हात पसरून बऱ्याच अॅक्सॉनना एकेक तुकडा मायलिन देते आणि स्वतः लांब बसते. तिला बेसल लॅमिनाही नसते. परीक्षेत हा फरक विचारतात म्हणून लिहिला, आपल्या स्लाइडशी त्याचा संबंध नाही.

थर नेमके ओळखण्याचा उपयोग काय, ते एका केसवरून सांगते. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. रबाळेच्या औद्योगिक भागात काम करणारा मध्यमवयीन माणूस. डाव्या हाताच्या करंगळीकडचा भाग काही महिन्यांपासून बधिर, मुंग्या येतात, पकड ढिली. अंगावर एकही चट्टा नाही. कोपरामागे अल्नर नर्व्ह हाताला दोरीसारखी जाड लागत होती. न्यूरॉलॉजिस्टच्या मनात दोन शक्यता होत्या. एक, रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस. दुसरी, फक्त नर्व्हमधला कुष्ठरोग. कोपराजवळची मुख्य नर्व्ह कापली तर हाताचे स्नायू जातील, म्हणून मनगटाजवळची हाताच्या पाठीकडे जाणारी संवेदी शाखा घेतली. तेवढी जागा कायमची बधिर राहील हे त्याला आधीच समजावून सांगितलं होतं.

तुकड्याचे दोन भाग केले, एक फॉर्मॅलिनमध्ये, एक ग्लुटारल्डिहाइडमध्ये. तुकडा चिमट्याने दाबायचा नाही, ताणायचा नाही. दाबला की मायलिन चुरगळतं आणि पुढे ते रोगासारखं भासतं. असा चुरगळलेला भाग तुकड्याच्या टोकांना असतो आणि मध्ये नर्व्ह नीट असते, यावरून तो ओळखायचा.

आधी एपिन्यूरियम बघितलं, कारण व्हॅस्क्युलायटिस असेल तर पुरावा बहुधा तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो: भिंत कुजलेली, तिच्यात शिरलेल्या दाहाच्या पेशी. इथे एका वाहिनीभोवती थोडे लिम्फोसाइट होते, भिंत मात्र शाबूत. मग पेरिन्यूरियम. एका फॅसिकलभोवती ते बरंच जाड झालेलं, वर्तुळं एकमेकांपासून सुटलेली, आणि मधल्या फटींत दाहाच्या पेशी. त्याच फॅसिकलच्या आत, एंडोन्यूरियममध्ये, एपिथेलिऑइड पेशींचा गोळा म्हणजे ग्रॅन्युलोमा होता आणि एक लँगहान्स जायंट पेशी. तिथे पांढऱ्या कड्या जवळजवळ उरल्याच नव्हत्या. शेजारचं फॅसिकल साध्या स्टेनवर ठीकठाक वाटत होतं, पण टोल्युडीन ब्लूच्या छेदात त्यातले मोठे तंतू कमी झालेले आणि काहींच्या कड्या पातळ दिसल्या.

ग्रॅन्युलोमा एंडोन्यूरियममध्ये असणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनदार पुरावा होता. कुष्ठरोगाचा जंतू, जो हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधला, नर्व्हमध्ये मुख्यतः श्वान पेशींमध्ये राहतो. त्या पेशीभोवतीच्या बेसल लॅमिनातल्या लॅमिनिनला तो चिकटतो आणि मग आत जातो. त्याला थंड जागा मानवतात, म्हणून त्वचेच्या जवळून जाणाऱ्या नर्व्ह आधी सापडतात. श्वान पेशी पेरिन्यूरियमच्या आत असतात, म्हणून लढाईही तिथेच होते. आणि पेरिन्यूरियम फारसं ताणलं जात नाही, तेव्हा आत सूज आली की दाब वाढतो आणि उरलेले तंतूही दबतात. फाइट-फराको स्टेनमध्ये बराच वेळ शोधल्यावर मोजकेच लाल दांडीसारखे जंतू श्वान पेशींत सापडले. ते सापडले नसते तरी निदान बदललं नसतं, कारण या प्रकारात, जिथे शरीर जोरात प्रतिकार करतं, जंतू फार कमी असतात आणि कधी कधी दिसतच नाहीत. त्याला कुष्ठरोगाची औषधं सुरू झाली आणि नर्व्हच्या दाहासाठी स्टेरॉइडही. मुंग्या कमी झाल्या, पकड थोडी सुधारली. ज्या फॅसिकलमधले तंतूच गेले होते, तिथली संवेदना परत येण्याची आशा कमीच होती.

तू पुढच्या वेळी स्लाइड लावशील तेव्हा एकच फॅसिकल निवड आणि वहीत काढ. आधी पेरिन्यूरियमचं वर्तुळ, त्यातले चपटे न्यूक्लियस झोपलेले. मग आत चार-पाच कड्या, प्रत्येकीत ठिपका, आणि एखादीच्याच बाहेरच्या काठाला चंद्रकोर. सगळ्या कड्यांना न्यूक्लियस काढू नकोस, परीक्षक लगेच ओळखतात की चित्र पुस्तकातून उतरवलं आहे. कड्यांमधल्या जागेत एक केशवाहिनी शोधून काढ आणि त्या जागेला एंडोन्यूरियमचा बाण दे. तुमच्या विभागात ऑस्मियमची स्लाइड नसेल तर डिपार्टमेंटच्या टेक्निशियनना विचार, जुन्या पेट्यांत ती पुष्कळदा मागे पडलेली असते.